फोटोतल्या दारावरून रंगाचा हिशेब

खोलीच्या फोटोवरून रंग किती लागेल हे काढता येतं, पण फोटोत एक ठाऊक माप हवं. दार त्यासाठी उत्तम. आधी त्याची उंची टेपने मोजून घ्या.

समजा, दार 7 फुटांचं आहे आणि छापलेल्या फोटोत ते 42 मिलिमीटर भरतं. म्हणजे 6 मिलिमीटरला एक फूट. त्याच भिंतीची उंची 60 आणि रुंदी 72 मिलिमीटर भरली, तर भिंत 10 बाय 12, म्हणजे 120 चौरस फूट. तीन फूट रुंद दाराचे 21 वजा केले की उरतात 99. डब्यावर दोन हातांसाठी लिटरला 120 चौरस फूट लिहिलं असेल, तर एक लिटर पुरतो. नव्या, कोऱ्या प्लास्टरवर मात्र रंग जास्त पितो.

खरी गफलत होते ती माप भिंतीच्या पुढे असलं की. कॅमेरा भिंतीपासून 10 फुटांवर आणि टेप भिंतीच्या 2 फूट पुढे धरलेली असेल, तर टेप सव्वापट मोठी दिसते. मग भिंतीची लांबी-उंची दोन्ही कमी भरतात आणि 120 चौरस फुटांचे जेमतेम 77 होतात! म्हणून माप त्याच भिंतीला टेकलेलं हवं.

फोटो तिरका आहे का, हेही दारच सांगतं. त्याच्या दोन्ही उभ्या कडा मोजा. एक 42 आणि दुसरी 38 भरली, तर भिंतीसमोर सरळ उभं राहून फोटो पुन्हा काढा.