म्हाताऱ्या माणसाचे नवे डोके दुखणे : कानशील, जबडा आणि डोळा

घरातल्या आजी-आजोबांनी "डोकं दुखतंय" म्हटले की आपण मेडिकलमधून एक गोळी आणून देतो, बाम चोळतो आणि झोपायला सांगतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. ऊन, उपास, अपुरी झोप, मानेचा संधिवात, सर्दी अशा कारणांनी डोके दुखते आणि थांबते. पण पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, आधी कधी नव्हती अशी डोकेदुखी वेगळी समजावी. या वयात अर्धशिशी सहसा नव्याने सुरू होत नाही. नव्या दुखण्याला नवे कारण असते आणि ते शोधावे लागते.

अशा कारणांपैकी एकाची माहिती या वेळी घेऊ. हा आजार आपल्याकडे फारसा आढळत नाही, म्हणून तो लवकर कोणाच्या लक्षात येत नाही. मात्र वेळेवर औषध मिळाले नाही तर डोळा कायमचा जाऊ शकतो. त्याचे नाव टेम्पोरल आर्टरायटिस, म्हणजे कानशिलाच्या रक्तवाहिनीला येणारी सूज. डॉक्टर त्याला जायंट सेल आर्टरायटिस असेही म्हणतात. तो ५० वर्षांनंतरच होतो. सत्तरीच्या पुढे जास्त होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होतो.

आत काय होते?

डोळ्याच्या कडेला, कानाच्या पुढे बोट ठेवले तर एक नाडी उडताना लागते. ती कानशिलाची रक्तवाहिनी. या आजारात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा आपल्याच रक्तवाहिनीच्या भिंतीवर उलटते. भिंत सुजून जाड होते आणि आतली वाट अरुंद होत जाते. पुढे रक्त कमी पोहोचते. डोक्याच्या कातडीला, जबड्याच्या स्नायूंना आणि डोळ्याच्या नसेला रक्त नेणाऱ्या वाहिन्या जवळजवळच्याच आहेत. त्यामुळे या तिन्ही ठिकाणी लक्षणे दिसतात.

एक उदाहरण

समजा, ७२ वर्षांच्या एक आजी आहेत. त्यांना कधी डोकेदुखीचा त्रास नव्हता. तीन आठवड्यांपासून उजव्या कानशिलात ठणकते, रात्री जास्त. गोळीने दोन-तीन तास बरे वाटते, मग पुन्हा सुरू.

दुसऱ्या आठवड्यात नात केस विंचरू लागली तर आजी म्हणाल्या, "हळू गं बाय, फणी लागतीया." उशीवर उजवी बाजू टेकवली तरी दुखते. बाम चोळायलाही नको वाटते. साध्या डोकेदुखीत चोळल्याने बरे वाटते. इथे नुसता हात लागला तरी कातडी हुळहुळते. हे पहिले वेगळेपण.

मग जेवताना त्रास सुरू झाला. भाकरीचे चार-पाच घास चावले की जबडा भरून येतो, दुखतो. थांबले की एक-दोन मिनिटांत बरे वाटते. पुन्हा चावायला घेतले की पुन्हा तेच. घरच्यांना वाटले दात दुखत असेल. पण दाताचे दुखणे पहिल्याच घासाला आणि एका ठरावीक जागी कळ देते. हे दुखणे चावत राहिल्यावर येते आणि थांबल्यावर जाते. काम करणाऱ्या स्नायूला रक्त कमी पडते म्हणून असे होते. हे या आजाराचे सर्वांत बोलके लक्षण आहे. आजी मऊ भात आणि वरणावर आल्या, वजन उतरले, अंगात कणकण राहू लागली. सकाळी उठताना दोन्ही खांदे आणि मांड्या आखडतात, हात वर करून पदर घेता येत नाही. हेही याच आजाराबरोबर अनेकांना होते.

एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे पडदा आल्यासारखा अंधार झाला आणि पाच मिनिटांत गेला. घरात कोणी म्हणाले, "मोतीबिंदू असेल, पगार झाला की दाखवू." इथेच घात होतो. मोतीबिंदू महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो, मिनिटांत येऊन जात नाही. असा अंधार येऊन जाणे किंवा एकाचे दोन दिसणे ही डोळ्याच्या नसेने दिलेली सूचना आहे. ती नस रक्ताविना मेली की दृष्टी सहसा परत येत नाही. उपचार झाला नाही तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत दुसरा डोळाही जाऊ शकतो.

त्या दिवशी काय करायचे?

त्याच दिवशी मोठ्या सरकारी रुग्णालयात जावे. मुंबईत जे.जे., केईएम किंवा सायन, नागपुरात मेडिकल, इतर ठिकाणी जवळचे मेडिकल कॉलेजचे रुग्णालय. तिथे मेडिसिन आणि डोळ्यांचा असे दोन्ही विभाग असतात. डोळ्याला अंधारी आली असेल तर ओपीडीच्या वाराची वाट न पाहता अपघात विभागात जावे.

रक्ताच्या दोन साध्या तपासण्या होतात : ईएसआर आणि सीआरपी. आजींच्या वयाच्या बाईचा ईएसआर साधारण ४० पर्यंत चालतो. या आजारात तो अनेकदा ५० च्या वर, कधी १०० च्या आसपास जातो. क्षयरोगात आणि इतर जंतुसंसर्गातही तो वाढतो, म्हणून तेवढ्यावर निदान होत नाही. काही थोड्या रुग्णांत तो वाढतही नाही. खात्रीसाठी कानशिलाच्या वाहिनीची सोनोग्राफी करतात, किंवा तिथली जागा बधिर करून वाहिनीचा लहान तुकडा तपासायला घेतात. त्याला बायोप्सी म्हणतात. हे नाव ऐकून कॅन्सर झाला असे समजू नये.

उपचार स्टिरॉइडचा. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सहसा रोज ४० ते ६० मिलिग्रॅमने सुरू होतात. डोळ्याला धोका असेल तर आधी सलाइनमधून मोठा डोस देतात. संशय पक्का असेल तर डॉक्टर बायोप्सीच्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत, गोळ्या आधी सुरू करतात. त्यानंतर आठवडाभरात तुकडा घेतला तरी आजार दिसतो. डोकेदुखी बहुधा दोन-तीन दिवसांत उतरते.

गोळ्या सुरू झाल्यावर

चूक होते ती इथे. डोके थांबले म्हणून गोळ्या बंद केल्या जातात. असे केल्यास आजार उलटतो, आणि स्टिरॉइड एकदम तोडल्याने चक्कर, उलट्या, रक्तदाब घसरणे असा वेगळाच धोका होतो. डोस डॉक्टर हळूहळू उतरवतात. पूर्ण उपचाराला वर्ष, दीड वर्ष किंवा अधिक लागते. या काळात साखर आणि रक्तदाब वाढू शकतो, हाडे ठिसूळ होतात, पूर्वीचा क्षयरोग डोके वर काढू शकतो. म्हणून मधुमेह असेल, किंवा घरात कोणाला टीबी झाला असेल, तर ते पहिल्याच दिवशी सांगावे. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्याही चुकवू नयेत. दुसऱ्या कोणाच्या उरलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र कधीही घेऊ नयेत.

इतर धोक्याच्या खुणा

म्हातारे माणूस महिना-दोन महिन्यांपूर्वी पडले असेल आणि आता डोके दुखून गुंगी येत असेल, तर डोक्यात हळूहळू रक्त साचलेले असू शकते. डोळा लाल, दगडासारखा कडक आणि उलट्या असतील तर डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो. तोंड वाकडे, हात-पाय लुळा, बोलणे अडखळते असेल तर पक्षाघात. या तिन्हींत त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

म्हातारी माणसे आपले दुखणे पूर्ण सांगत नाहीत, आपणच विचारावे लागते. चार प्रश्न पुरेत : ही डोकेदुखी नवी आहे का? फणी लागते का? चावताना जबडा थकतो का? डोळ्यापुढे अंधारी आली का? यांची उत्तरे केसपेपर काढल्यावर डॉक्टरांना आधी सांगावीत. नुसते "डोकं दुखतंय" म्हटले तर हातात वेदनाशामक गोळीच पडेल.