मोरचुदाचा निळा रंग आणि न हललेला प्रोटॉन

द्राक्षबागेत फवारायचं बोर्डो मिश्रण कसं करायचं, हे नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला सांगावं लागत नाही. एक टक्क्याच्या मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी लागतं. दोन्ही द्रावणं वेगवेगळी करायची, भांडं लोखंडी नको, आणि शेवटी स्वच्छ खिळा बुडवून बघायचा. या साध्या कामात आम्ल आणि आम्लारींचं जवळजवळ सगळं रसायनशास्त्र येतं. शिवाय विद्यार्थी हमखास जिथे अडखळतात, ती जागाही त्यात सापडते.

ती जागा अशी. अभिक्रिया दिली की मुलं लगेच ‘संयुग्मी जोडी’ शोधायला लागतात, कारण धड्यात तसं शिकवलेलं असतं. पण काही अभिक्रियांमध्ये अशी जोडी नसतेच. मग ओढूनताणून जोडी लावली जाते आणि उत्तर चुकतं.

ब्रॉन्स्टेड आणि लॉरी या दोघांनी 1923 साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक व्याख्या मांडली: प्रोटॉन म्हणजे H⁺ देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी. आम्लाने प्रोटॉन दिला की जे उरतं ती त्याची संयुग्मी आम्लारी. म्हणून जोडीतल्या दोघांत फरक असतो तो फक्त एका H⁺ चा. अमोनिया पाण्यात विरघळतो तेव्हा थोडा अमोनिया असं करतो:

NH₃ + H₂O ⇌ NH₄⁺ + OH⁻

पाण्याने प्रोटॉन दिला, अमोनियाने घेतला. H₂O आणि OH⁻ ही एक जोडी, NH₄⁺ आणि NH₃ ही दुसरी. इथवर अडचण नाही.

आता मोरचूद घ्या. निळे खडे म्हणजे CuSO₄·5H₂O. ते हळूहळू तापवले की पाणी टप्प्याटप्प्याने निघून जातं आणि साधारण दोनशे अंशांच्या पुढे पांढरट भुकटी उरते. शंभर ग्रॅम खड्यांतून जवळपास 36 ग्रॅम पाणी जातं. थंड झालेल्या भुकटीवर पाण्याचे दोन थेंब टाका: भुकटी पुन्हा निळी होते आणि हाताला ऊबही लागते. एखाद्या द्रवात पाणी मिसळलंय का, हे या रंगबदलावरून तपासता येतं.

CuSO₄ + 5H₂O → CuSO₄·5H₂O

इथे आम्ल कोण? समीकरणात हायड्रोजन दिसतो म्हणून प्रोटॉन हलला असेल असं वाटतं, आणि फसगत होते ती नेमकी इथे. बघायचं ते हायड्रोजन आहे का हे नव्हे, त्याने जागा बदलली का हे. डावीकडचे दहाही हायड्रोजन पाण्याच्या ऑक्सिजनला जोडलेले होते आणि उजवीकडेही तसेच जोडलेले आहेत. एकही प्रोटॉन हलला नाही, म्हणून संयुग्मी जोडीही नाही. Cu²⁺ आणि [Cu(H₂O)₄]²⁺ यांना जोडी म्हणण्याचा मोह होतो, पण त्यांच्यातला फरक चार पाण्याच्या रेणूंचा आहे, एका प्रोटॉनचा नाही.

तरीही काहीतरी जोडलं गेलंच आहे. त्याचं उत्तर गिल्बर्ट ल्यूइस यांच्याकडे मिळतं. त्यांची व्याख्याही 1923 चीच, पण ती प्रोटॉनकडे न बघता इलेक्ट्रॉनकडे बघते. इलेक्ट्रॉनांची जोडी पुरवतो तो आम्लारी, ती स्वीकारतो तो आम्ल. पाण्याच्या ऑक्सिजनवर बंधात न गुंतलेल्या दोन इलेक्ट्रॉन जोड्या असतात. Cu²⁺ वर धन प्रभार आहे आणि जोडी सामावून घ्यायला जागाही आहे. ऑक्सिजन आपली जोडी पुढे करतो आणि दोघांत बंध तयार होतो. म्हणून Cu²⁺ हे ल्यूइस आम्ल आणि पाणी ही ल्यूइस आम्लारी. बारकाईने बघायचं तर पाच पाण्यांपैकी चारच थेट कॉपरला जोडलेली असतात. पाचवं हायड्रोजन बंधांनी सल्फेटला धरून असतं.

म्हणजे आधी प्रोटॉन हलला का ते बघायचं. नसेल हलला, तर नवा बंध कुठे झाला ते शोधायचं आणि त्या बंधातले दोन इलेक्ट्रॉन कोणी आणले हे विचारायचं. आणणारा बहुतेक वेळा नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा ऋण आयन असतो. घेणारा बहुधा धातूचा धन आयन, नाहीतर BF₃ मधल्या बोरॉनसारखा, ज्याचं इलेक्ट्रॉनांचं अष्टक अपुरं आहे असा अणू.

दोन्ही प्रकार एकाच परीक्षानळीत बघायचे असतील तर मोरचुदाच्या द्रावणात थेंबाथेंबाने अमोनिया टाकावा. (खिडकी उघडी ठेवून; वास नाकाला झोंबतो.) सुरुवातीला फिकट निळा गाळ बसतो. अमोनियाने पाण्याकडून प्रोटॉन घेतला, त्यातून OH⁻ तयार झाले आणि त्यांनी कॉपरला गाळाच्या रूपात बाहेर काढलं. प्रोटॉन घेण्याच्या त्या पायरीवर संयुग्मी जोड्या आहेत. आणखी अमोनिया टाकत राहिलं की गाळ विरघळतो आणि द्रावण गर्द शाईसारखं निळं होतं:

Cu(OH)₂ + 4NH₃ → [Cu(NH₃)₄]²⁺ + 2OH⁻

या समीकरणात हायड्रोजन भरपूर आहेत, पण नायट्रोजनवरचे नायट्रोजनवरच राहिले आणि ऑक्सिजनवरचे ऑक्सिजनवर. अमोनियाने प्रोटॉन घेतला नाही, स्वतःची इलेक्ट्रॉन जोडी कॉपरला दिली. तोच अमोनिया आधी ब्रॉन्स्टेड आम्लारी होता, आता ल्यूइस आम्लारी झाला. पदार्थाच्या नावावरून भूमिका ठरवता येत नाही, समीकरणावरूनच ठरवावी लागते.

आता पुन्हा बागेत. नुसतं मोरचुदाचं द्रावण फवारलं तर पानं करपतात. ते द्रावण आम्लधर्मी असतं आणि त्यात मोकळं कॉपरही खूप असतं. मोरचुदात प्रोटॉन आला कुठून? पाण्यातूनच. द्रावणात कॉपरभोवती साधारण सहा पाणी असतात. Cu²⁺ त्यांच्या ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, त्यामुळे ऑक्सिजन आणि हायड्रोजनमधला बंध सैल पडतो आणि प्रोटॉन सुटायला तयार होतो. चुन्याचा OH⁻ तो उचलतो:

[Cu(H₂O)₆]²⁺ + OH⁻ → [Cu(H₂O)₅(OH)]⁺ + H₂O

इथे मात्र जोड्या अगदी नीट लागतात. कॉपरच्या दोन रूपांत एका प्रोटॉनचा फरक, OH⁻ आणि H₂O मध्येही तेवढाच. आणखी एक प्रोटॉन गेला की प्रभार संपतो आणि बोर्डोचा तो निळसर, चिकट साका तयार होतो.

चिकित्सक वाचक इथे हरकत घेईल: हीच गोष्ट Cu²⁺ + 2OH⁻ → Cu(OH)₂ अशी लिहिली तर? मग प्रोटॉन दिसतच नाही. OH⁻ जोडी देणारा आणि Cu²⁺ घेणारा, म्हणजे ल्यूइसची अभिक्रिया. हरकत बरोबर आहे. पहिल्या समीकरणात कॉपरभोवतीचं पाणी मोजलं, दुसऱ्यात ते गृहीत धरून सोडून दिलं. भांड्यात घडतं ते एकच. म्हणून परीक्षेत आपल्या मनातल्या नव्हे, दिलेल्या समीकरणावर उत्तर लिहावं, आणि त्यात प्रोटॉन हलत नसेल तर ‘संयुग्मी जोडी नाही’ असं बेधडक लिहावं. ते पूर्ण उत्तर आहे.

राहिला खिळा. चुना कमी पडला असेल तर मोकळं कॉपर खिळ्यावर तांबूस थर देऊन बसतं, आणि मग मिश्रणात चुन्याची निवळी वाढवावी लागते. इथेही प्रोटॉन हलत नाही, म्हणून ही ल्यूइसची अभिक्रिया वाटेल. पण लोखंडाने जोडी वाटून घेण्यासाठी पुढे केलेली नाही. दोन इलेक्ट्रॉन कायमचे देऊन टाकले आहेत. लोखंडाचं Fe²⁺ झालं आणि Cu²⁺ चं तांबं. प्रभार असे बदलले की ती ऑक्सिडीकरण-क्षपणाची अभिक्रिया असते. तिच्यात आम्ल-आम्लारी शोधू नये.