मोबाइलवर सगळं चालतं, लॅपटॉपवर चारच साइट उघडतात : हॉटस्पॉटचं अडतं कुठे?

आजचा विषय छोटा आहे, पण फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी तो फार मोठा होतो. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, लॅपटॉप जोडला. यूट्यूब चालतं, गूगल चालतं आणि नेमकी बँकेची किंवा परीक्षेच्या फॉर्मची साइट मात्र फिरत राहते. मोबाइलवर तीच साइट झटकन उघडते. मग आपण काय म्हणतो? डेटा सेव्हर चालू असेल, नाहीतर कंपनीनं हॉटस्पॉटवर मर्यादा घातली असेल.

या दोन्ही संशयांचा निकाल आधी लावून टाकू. अँड्रॉइडमधला डेटा सेव्हर हा त्या मोबाइलमधल्या ॲप्सना पडद्यामागे डेटा वापरू देत नाही. लॅपटॉपवर कोणती साइट उघडावी हे तो ठरवत नाही. बऱ्याच मोबाइलवर तर डेटा सेव्हर चालू असताना हॉटस्पॉट सुरूच होत नाही, म्हणजे अर्धंमुर्धं चालण्याचा प्रश्नच येत नाही. विंडोजमधलं मीटर्ड कनेक्शनही अपडेट आणि वनड्राइव्ह यांना आवरतं, ब्राउझरला अडवत नाही.

आता मर्यादा. आपल्याकडच्या अनेक प्लॅनमध्ये रोजचा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट. २ एमबीचं पान उघडायला या वेगानं चार मिनिटांहून जास्त लागतात. व्हॉट्सॲपचे मजकुराचे निरोप तेवढ्यातही जातात, म्हणून मोबाइल ‘नीट चालतोय’ असं वाटतं. तेव्हा पहिली गोष्ट, मोबाइलचं वायफाय बंद करून तीच साइट मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलांना आणखी एक प्रकार भेटतो. तिथल्या बऱ्याच प्लॅनमध्ये हॉटस्पॉटचा कोटा वेगळा असतो. तो संपला की मोबाइल जोरात आणि लॅपटॉप रखडत, असं खरंच होतं.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कोटा संपल्यावर सगळंच हळू होतं. यूट्यूब मजेत आणि बँक बंद, अशी निवड वेगमर्यादा करत नाही. ‘चारच साइट’ हीच खरी खूण आहे, आणि आमच्या मते लोक नेमकं तिकडेच दुर्लक्ष करतात.

इंटरनेटवरची माहिती छोट्या पाकिटांतून जाते. एक पाकीट जास्तीत जास्त किती मोठं असावं, या आकड्याला एमटीयू म्हणतात. वायफायवर तो १५०० बाइट असतो. मोबाइल नेटवर्कवर तो पुष्कळदा कमी असतो. आज बरीच मोबाइल नेटवर्कं आतून फक्त आयपीव्ही६ वर चालतात. जुन्या आयपीव्ही४ साइटचं पाकीट तिथून न्यायचं तर त्याचं २० बाइटचं शीर्षक काढून ४० बाइटचं लावावं लागतं. थोडी जागा राखून धरली की आयपीव्ही४ साठी १४७२ किंवा त्याहून कमी बाइट उरतात.

मोबाइलला हे माहीत असतं, कारण नेटवर्कला जोडतानाच त्याला आकडा मिळतो. तो स्वतः साइट उघडतो तेव्हा समोरच्या सर्व्हरला बेतानं सांगतो, ‘एवढीच पाकिटं पाठव.’ लॅपटॉपला मात्र समोर फक्त वायफाय दिसतं. तो बिनधास्त १५०० सांगून मोकळा होतो. सर्व्हर मोठं पाकीट पाठवतो, ते वाटेत अडकतं. खरं तर अडवणाऱ्या यंत्रानं सर्व्हरला ‘पाकीट मोठं आहे’ असं उलट कळवायला हवं, आणि ते कळवतंही. पण काही साइटच्या फायरवॉल हे निरोपच टाकून देतात. सर्व्हरला पत्ता लागत नाही, तो तेच पाकीट पुन्हापुन्हा पाठवत बसतो. सुरुवातीची ओळखदेख छोट्या पाकिटांनी पार पडते, म्हणून ब्राउझर ‘जोडलं’ म्हणतो. आणि साइटचं प्रमाणपत्र यायची वेळ झाली, पहिलं मोठं पाकीट निघालं, की सगळं थांबतं.

मग यूट्यूब का चालतं? एक तर गूगलच्या साइट थेट आयपीव्ही६ वरून येतात, शीर्षक बदलायची भानगड नाही. शिवाय त्या क्विक नावाची पद्धत वापरतात, आणि ती सुरुवातच साधारण १२०० बाइटच्या पाकिटांनी करते. ती वाटेत अडकत नाहीत.

हे तपासायचं कसं? एका विद्यार्थिनीच्या विंडोज लॅपटॉपवर आम्ही केलं ते सांगतो. फॉर्मची साइट उघडत नव्हती, मुदत त्याच रात्री संपत होती. कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी साधं पिंग केलं, उत्तर आलं. मग मोठं पाकीट, ‘तोडू नको’ अशा अटीसह :

```
ping -4 1.1.1.1
ping -4 -f -l 1472 1.1.1.1
```

इथे 1472 हा आतल्या मजकुराचा आकार आहे. त्यात शीर्षकांचे २८ बाइट मिळवले की १५०० होतात. (हा १४७२ आणि मघाचा १४७२ यांचा घोळ करू नका, मघाचा पूर्ण पाकिटाचा होता.) चारही वेळा `Request timed out.` आलं. 1400 टाकल्यावर उत्तर आलं. 1450 ला नाही, 1440 ला आलं. असं मध्ये मध्ये गाठत गेलो तेव्हा 1444 पर्यंत उत्तर येत होतं, 1445 ला नाही. १४४४ अधिक २८ म्हणजे १४७२. ही पायरी दिसली की निदान झालं. साधं पिंगही गेलं नाही, किंवा 1472 विनाअडथळा गेलं, तर दुखणं वेगळं आहे आणि पुढचा उपाय करू नये. चाचणीसाठी 8.8.8.8 घेऊ नका, तो मोठ्या पिंगला पूर्ण आकाराचं उत्तर देत नाही.

उपाय एवढाच की लॅपटॉपलाही छोटा आकडा सांगायचा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. पहिल्या ओळीनं जोडणीचं नाव कळतं, दुसरीनं आकडा बदलतो :

```
netsh interface ipv4 show subinterfaces
netsh interface ipv4 set subinterface "Wi-Fi" mtu=1400 store=active
```

१४७२ चालत असताना १४०० कशाला? टॉवर बदलला की वाटही बदलू शकते, म्हणून थोडा हात राखून. वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला आणि फॉर्म समोर आला.

`store=active` मुळे हा बदल लॅपटॉप रीस्टार्ट होईपर्यंतच टिकतो. आम्हाला तेच बरं वाटतं, कारण घरच्या वायफायवर त्याची गरज नसते. यूएसबी केबलनं मोबाइल जोडला असेल तर "Wi-Fi" च्या जागी पहिल्या ओळीत दिसलेलं नाव घाला. मॅकवर हेच काम असं होतं. बहुतेक मॅकबुकवर वायफायचं नाव en0 असतं :

```
sudo networksetup -setMTU en0 1400
```

मॅकवर हा आकडा आपोआप मागे जाईल असं धरून चालू नका. काम झालं की 1500 घालून तीच ओळ पुन्हा चालवा. आणि लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन असेल तर चाचणी आधी ते बंद ठेवून करा. व्हीपीएन प्रत्येक पाकिटावर स्वतःचं वेष्टन चढवतं, त्यामुळे पायरी आणखी खाली दिसते आणि दोष नेटवर्कचा की व्हीपीएनचा हे कळत नाही.