महिन्याचा हप्ता, वर्षाचा करार

फोटो सजवण्याची, जाहिराती आखण्याची आणि व्हिडिओ एडिट करण्याची व्यावसायिक सॉफ्टवेअर पूर्वी एकदाच पैसे मोजून विकत घेता येत. फोटोशॉप, प्रीमिअर, इलस्ट्रेटर बनवणाऱ्या अडोबी कंपनीने 2012 मध्ये क्रिएटिव्ह क्लाउड ही सबस्क्रिप्शन योजना आणली आणि 2013 मध्ये यापुढच्या आवृत्त्या केवळ सबस्क्रिप्शनवरच मिळतील, असे जाहीर केले. तेव्हापासून या सॉफ्टवेअरचे मोल दरमहा मोजले जाते. मात्र दर महिन्याला पैसे कापले जातात म्हणजे करारही महिन्यापुरताच आहे, असा समज करून घेणाऱ्यांना मध्येच योजना सोडताना मोठी रक्कम भरावी लागते.

खरेदीच्या पानावर साधारणपणे तीन पर्याय असतात. पहिल्यात करार महिन्याचा आणि पैसेही महिन्याचे. नको झाले की पुढच्या महिन्यापासून बंद. तिसऱ्यात वर्षाचे पैसे एकदम आगाऊ भरायचे. या दोन्हींमध्ये काय घेतले, हे ग्राहकाला सहज कळते. घोळ होतो तो मधल्या पर्यायात. स्क्रीनवर तो `Annual, billed monthly` अशा नावाने दिसतो. त्यात बांधिलकी वर्षाची असते आणि रक्कम बारा हप्त्यांत कापली जाते. महिन्याच्या करारापेक्षा हा हप्ता बराच कमी असल्याने नजर आकड्यावर जाते आणि `Annual` हा शब्द वाचायचा राहून जातो.

हप्ता कमी ठेवण्यामागचे कारण सरळ आहे. ग्राहक वर्षभर टिकेल याची हमी मिळाली की कंपनी सवलत देते. ग्राहकाने ती हमी मध्येच मोडली तर सवलतीची भरपाई म्हणून मुदतपूर्व रद्द करण्याचे शुल्क लावले जाते. अडोबीचा नियम असा की, मूळ खरेदीपासून 14 दिवसांच्या आत रद्द केल्यास सगळे पैसे परत मिळतात. त्यानंतर रद्द केल्यास करारातील उरलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम एकदम भरावी लागते. ती भरली तरी सॉफ्टवेअर वर्षअखेरपर्यंत वापरता येत नाही. चालू महिन्याचे बिल जिथवर आहे, तिथवरच ते चालते.

हा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा, वर्षाच्या करारातला हप्ता 2,000 रुपये आहे आणि महिन्याच्या करारात हेच सॉफ्टवेअर 3,000 रुपयांना मिळते. आकडे सोयीसाठी घेतलेले असले, तरी हे प्रमाण प्रत्यक्षातले आहे. अमेरिकेत 2024 मध्ये क्रिएटिव्ह क्लाउडच्या सर्व ॲप्सच्या योजनेचा दर वर्षाच्या करारात महिना 59.99 डॉलर आणि महिन्याच्या करारात 89.99 डॉलर, म्हणजे दीडपट होता. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एखाद्या व्यावसायिकाला लग्नसराईपुरते चार महिने सॉफ्टवेअर हवे आहे. तो 5 नोव्हेंबरला 2,000 रुपयांचा पर्याय निवडतो. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीच्या 5 तारखेला मिळून 8,000 रुपये कापले जातात. काम संपल्यावर 20 फेब्रुवारीला तो योजना रद्द करतो. उरलेल्या आठ हप्त्यांचे होतात 16,000 रुपये आणि त्याच्या निम्मे 8,000 रुपये शुल्क. चार महिन्यांच्या वापराचे त्याला एकूण 16,000 रुपये पडले. सुरुवातीलाच 3,000 रुपयांचा महाग वाटणारा पर्याय घेतला असता, तर 12,000 रुपयांत काम झाले असते.

हाच हिशेब पुढच्या महिन्यांसाठी मांडला की सहाव्या महिन्याला दोन्ही बाजू समान होतात. सहा हप्त्यांचे 12,000 आणि उरलेल्या सहा हप्त्यांवरचे शुल्क 6,000, असे एकूण 18,000 रुपये. महिन्याच्या करारातही सहा महिन्यांचे 18,000 रुपयेच होतात. म्हणून महिन्याचा दर दीडपट आणि शुल्क निम्मे असेल, तिथे सहा महिन्यांपेक्षा कमी वापरासाठी महिन्याचा करार स्वस्त पडतो. त्याहून अधिक काळ लागणार असेल, तर शुल्क धरूनही वर्षाचा करार परवडतो. नऊ महिन्यांनी सोडणाऱ्याला वर्षाच्या करारात 21,000 रुपये लागतील, महिन्याच्या करारात 27,000.

चुकून वर्षाच्या करारात अडकलेल्याचा प्रश्न वेगळा असतो. झालेला खर्च बाजूला ठेवून त्याने पुढचे पाहायचे. सॉफ्टवेअर यापुढे लागणारच नसेल, तर रद्द करणेच फायद्याचे, कारण वर्ष संपेपर्यंत हप्ते भरले तर उरलेली पूर्ण रक्कम जाते आणि रद्द केल्यास निम्मी. रद्द करण्याचा दिवस पुढचा हप्ता कापण्याच्या आधीचा असावा. वरील उदाहरणात 20 फेब्रुवारीऐवजी 6 मार्चला रद्द केले, तर पाचवा हप्ता गेलेला असतो. शुल्क 7,000 वर येते, पण एकूण खर्च 17,000 होतो. वर्ष पूर्ण झाले की करार आपोआप नव्या वर्षासाठी सुरू होतो, म्हणून नूतनीकरणाची तारीख खरेदीच्या दिवशीच नोंदवून ठेवावी लागते. एडिटिंगचे प्रोजेक्ट त्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाहीत. तयार व्हिडिओ बंद होण्याच्या तारखेपूर्वी एक्स्पोर्ट करून घ्यावे लागतात.

बँकेतून कार्डाची परवानगी काढून टाकणे म्हणजे करार रद्द करणे नव्हे. भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप रक्कम कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना मिळते आणि ती कपात थांबवता येते. त्याने पैसे जायचे थांबतात. वर्षाच्या करारातली देणी मात्र कागदावर तशीच राहतात. म्हणून योजना कंपनीच्या खात्यात जाऊन रद्द करावी लागते. तिथे शुल्काचा आकडा दिसतो आणि रद्द झाल्याचा ईमेल पुरावा म्हणून हाती राहतो.

शुल्क आकारण्याइतकाच वादाचा मुद्दा ते कुठे व कसे सांगितले जाते, हा आहे. 17 जून 2024 रोजी अमेरिकेच्या न्याय विभागाने तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून अडोबीविरुद्ध कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दावा दाखल केला. आधार होता इंटरनेटवरील ग्राहकांच्या संरक्षणासाठी 2010 मध्ये झालेल्या कायद्याचा. वर्षाच्या कराराचा पर्याय आधीच निवडून ठेवलेला असतो, शुल्काची माहिती बारीक अक्षरांत किंवा लिंक व छोट्या चिन्हांआड दडवली जाते आणि रद्द करताना ग्राहकाला पानामागून पान पार करावे लागते, असे त्या दाव्यात म्हटले होते. कंपनीने हे आरोप नाकारले. आपल्या अटी स्पष्ट आणि रद्द करण्याची पद्धत सोपी आहे, असे तिचे म्हणणे होते.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यात नमूद केलेल्या 13 प्रकारांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ आहे. रद्द करण्याचा पर्याय लपवणे, ती प्रक्रिया अशक्य किंवा किचकट करणे, सूचना संदिग्ध ठेवणे या गोष्टी त्यात मोडतात. स्पष्ट सांगून, संमती घेऊन लावलेले शुल्क मात्र या व्याख्येत आपोआप येत नाही. त्यामुळे 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना खरेदीच्या वेळच्या पानाचा स्क्रीनशॉट कामाला येतो: शुल्काची अट त्यावर दिसत होती की नाही, हे त्यावरून ठरते.