किटली पालथी करून फोटो काढा

विजेच्या किटलीचा फोटो सुटे भाग विकणाऱ्याला पाठवला, की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं : "खालच्या बाजूचा पाठवा." त्याचं बरोबरच असतं. स्टीलचं पोट, काळी मूठ, १.८ लिटर, १५०० वॉट अशी किटली बाजारात कितीतरी नावांनी मिळते, आणि त्यातल्या बऱ्याच किटल्या दुसऱ्याच कोणाच्या कारखान्यात तयार होऊन आलेल्या असतात. गूगल लेन्सला समोरून काढलेला फोटो दिला तर तो रूप जुळवतो, पोटातलं जुळवत नाही. त्याच्यासारखीच दिसणारी किटली घ्यायची असेल तर तेवढं पुरतं. भाग हवा असेल तर पुरत नाही.

म्हणून प्लग काढा, पाणी ओता, किटली गार होऊ द्या आणि पालथी घाला. तळाच्या लेबलावरची अक्षरं वाफेने आणि पुसण्याने फिकी होतात. फ्लॅश मारला तर चकाकीत उरलीसुरलीही जातात. त्याऐवजी खिडकीचा उजेड बाजूने तिरपा पडेल असं धरा. मॉडेल क्रमांकाच्या शेवटची अक्षरं गाळू नका. पुष्कळदा आतला बदल कंपनी त्या एका अक्षरातच नोंदवते.

त्याच लेबलावर आयएसआयचं चिन्ह असतं. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, किटलीसाठी आयएस ३६७, आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक. हा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या BIS Care ॲपमध्ये टाकला, की परवाना कोणत्या उत्पादकाच्या नावावर आहे ते कळतं. माझ्या मते सगळ्या शोधातली ही सर्वांत कामाची पायरी आहे आणि सर्वांत कमी वापरली जाणारीही. डब्यावरचं नाव विक्रेत्याचं असलं तरी बनवणारा कोण ते समजतं, आणि त्याच कारखान्याच्या इतर किटल्यांकडे वळता येतं.

आता एक नेहमीचा बिघाड घ्या. किटली बैठकीवर ठेवली, बटण दाबलं, दिवा लागत नाही. थोडी हलवली की लागतो. बैठकीच्या मधल्या उंचवट्याकडे पाहिलं तर प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालेलं आणि संपर्काचा पितळी भाग काळवंडलेला दिसतो. म्हणजे जोडणी सैल होऊन तिथे ठिणग्या पडत होत्या. बैठकीतली सॉकेट आणि किटलीच्या तळातला थर्मोस्टॅट ही जोडी असते, म्हणून फोटो दोन्हींचे हवेत, अगदी वरून, शेजारी मोजपट्टी ठेवून. तळाचे स्क्रू काढले की थर्मोस्टॅटच्या प्लास्टिकवर उठावाची बारीक अक्षरं दिसतात : KSD368-A किंवा TM-XD-3 अशासारखी. शोधायचं ते हे नाव. किटलीवर छापलेलं नाव इथे निरुपयोगी. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत हाच भाग दाखवून विचारावं.

नवा भाग घेताना अँपिअर बघा. १५०० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साधारण साडेसहा अँपिअर, तेव्हा 13A लिहिलेला भाग सहज पेलतो. स्क्रूंची भोकं आणि पत्र्याच्या चकत्यांची जागा जुन्यासारखीच हवी. एका चकतीपर्यंत झाकणाजवळून वाफ पोचते आणि उकळी आल्यावर किटली बंद होते. तळाला टेकलेल्या चकत्या पाणी नसताना वीज तोडतात. चकती तळाला नीट टेकली नाही, तर किटली चालेल पण हे संरक्षण जाईल. दुसऱ्या किटलीची बैठक "बसते तर आहे" म्हणून वापरण्याचा मोह टाळा : संपर्क अर्धवट लागला की तीच ठिणगी पुन्हा. अर्थिंगची वायर होती तिथेच जोडायची, आणि हे हातात नसेल तर काम कारागिराला द्यायचं.

इस्त्रीलाही लेबलाचीच वाट लागू पडते. तिचं मानक आयएस ३६६. इंडक्शन शेगडीचा बाहेरून काढलेला फोटो काचेचं माप आणि बटणांची मांडणी सांगतो, बाकी काही नाही. सर्किट बोर्डाला स्वतःचा छापील क्रमांक असतो, आणि तो शेगडी उघडल्याशिवाय दिसत नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही भार उरू शकतो, तेव्हा ते उघडणं मेकॅनिकवर सोपवलेलं बरं.

किटलीत एक गोष्ट मात्र फोटोने सुटत नाही. हीटर तळाच्या पत्र्याला कायमचा जोडलेला असतो. प्लग काढून, किटलीचं बटण चालू ठेवून, तळाच्या फेज आणि न्यूट्रल टोकांवर मल्टिमीटर लावला तर १५०० वॉटच्या किटलीत सुमारे ३५ ओम दिसायला हवेत. तेवढे दिसले तर हीटर शाबूत आहे. काहीच दिसलं नाही, तर आधी थर्मोस्टॅटच्या पुढे, थेट हीटरच्या टोकांवर मोजा. तिथेही काही नसेल तर भाग शोधणं थांबवा आणि लिटर, वॉट पाहून दुसरी किटली घ्या.