पावसाचा अंदाज: भरवशाचा कोणता, वावडी कोणती

कोरडवाहू शेतकऱ्याला पावसाच्या अंदाजाची सर्वांत जास्त गरज मेअखेरीपासून जूनअखेरीपर्यंत असते. सोयाबीन किंवा कापूस पेरला आणि पुढे पंधरा दिवस उघडीप पडली, तर बियाणे, खत आणि मजुरी मातीत जाते आणि दुबार पेरणी ओढवते. नेमक्या याच दिवसांत मोबाइलवर अंदाजांचा पूर येतो. त्यांतला कोणता धरायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवण्याआधी खरा अंदाज कसा तयार होतो आणि तो किती दिवसांपुरता खरा मानायचा, हे कळायला हवे.

देशात हवामानाचे अधिकृत अंदाज आणि इशारे देण्याचे काम 1875 साली स्थापन झालेला भारतीय हवामान विभाग करतो. कोकण, मध्य महाराष्ट्र आणि मराठवाड्यातील जिल्ह्यांचे अंदाज मुंबईच्या प्रादेशिक केंद्रातून निघतात, विदर्भाचे नागपूरहून. हे अंदाज एकाच प्रकारचे नसतात. एप्रिलच्या मध्यास आणि मेअखेरीस जाहीर होणारा हंगामी अंदाज जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या एकूण पावसाबद्दल असतो. देशाची सरासरी 87 सेंटिमीटर धरून तिच्या 96 ते 104 टक्के पाऊस म्हणजे सरासरीइतका, असे त्याचे गणित आहे. त्यावरून आपल्या गावात पेरणी कधी करायची हे अजिबात ठरत नाही. दर गुरुवारी निघणारा विस्तारित अंदाज पुढच्या चार आठवड्यांत कोणत्या भागात सरासरीपेक्षा जास्त आणि कोणत्या भागात कमी पाऊस पडेल याचा कल सांगतो. जिल्हावार अंदाज मात्र रोज येतो आणि तो पुढच्या पाच दिवसांचा असतो. अगदी जवळचा अंदाज तीन तासांचा असतो. तो रडार आणि उपग्रहावरून दिसणाऱ्या ढगांवर बेतलेला असल्यामुळे विजा आणि वादळी पावसाचे ढग कुठे सरकत आहेत हे त्यातून कळते.

काळ जितका लांबचा, तितका अंदाज ढोबळ होत जातो. म्हणूनच महिनाभर आधी तालुक्याचे नाव आणि तारीख घेऊन ‘ढगफुटी होणार’ असे सांगणारी पोस्ट पाहिली की ती तिथेच बाजूला ठेवावी. वीस-तीस चौरस किलोमीटरच्या भागावर तासाभरात 100 मिलिमीटर पाऊस पडणे याला ढगफुटी म्हणतात. इतक्या छोट्या जागेवरची इतक्या थोड्या वेळाची घटना अनेक दिवस आधी सांगण्याची पद्धत आज कुणाकडेही नाही.

रोजचा जिल्हावार अंदाज वाचतानाही थोडी सवय लागते. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस’ या शब्दांचा अर्थ सगळ्या जिल्ह्यात मुसळधार असा होत नाही. तुरळक म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर चौथ्या हिश्श्यात, आणि मुसळधार म्हणजे चोवीस तासांत 64.5 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. असा इशारा असताना आपले शिवार कोरडे राहिले, तर अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग सज्जतेच्या पायऱ्या आहेत: लक्ष ठेवा, तयारीत राहा, कृती करा. पुणे, सातारा, कोल्हापूर अशा जिल्ह्यांत घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिलेला असतो. तो बारामतीच्या किंवा माणच्या शेतकऱ्याने स्वतःला लावून घेतला, तर फसगत ठरलेलीच.

2025 चा जून महिना या दृष्टीने नीट पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी मॉन्सून 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईची नेहमीची तारीख 11 जून आहे. मे महिन्यातच जोरदार सरी झाल्या, शिवारात वाफसा आला आणि ‘मॉन्सून आला, पेरा’ असे संदेश फिरू लागले. पण हा जोर टिकणार नाही आणि पुढे पाऊस कमी होईल, असे अधिकृत अंदाजात दिसत होते. पेरणीची घाई करू नका, असा सल्ला कृषी विभागाने दिला. झालेही तसेच: जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मॉन्सूनची आगेकूच जवळपास थांबली. मॉन्सून दाखल झाल्याची घोषणा आणि पेरणीयोग्य पाऊस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधारण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरू नये, ही कृषी विभागाची शिफारस त्यासाठीच असते.

त्याच मे महिन्यात ‘शक्ती चक्रीवादळ’ येत असल्याच्या बातम्याही गावोगाव पसरल्या. उत्तर हिंदी महासागरातल्या चक्रीवादळाला नाव देण्याचा अधिकार दिल्लीच्या हवामान केंद्राचा आहे, आणि वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटरच्या पुढे गेल्यावरच ते नाव दिले जाते. मे महिन्यात कोकण किनाऱ्याजवळ कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, त्याची तीव्रता वाढली आणि 24 मे रोजी ते रत्नागिरी-दापोलीदरम्यान किनारा ओलांडून गेले. पाऊस भरपूर झाला, पण ते चक्रीवादळ कधीच झाले नाही. यादीतले ते नाव प्रत्यक्षात वापरले गेले ऑक्टोबरमध्ये, अरबी समुद्रातल्या दुसऱ्याच वादळासाठी. वादळ जन्मण्याआधी त्याचे नाव सांगणारे पान चुकीचे आहे, हे ओळखायला एवढी एक खूण पुरते.

फसवणारा आणखी एक प्रकार रंगीत नकाशांचा आहे. संगणकीय प्रारूपाच्या एकाच फेरीतला दहाव्या दिवसाचा नकाशा उचलून ‘महाराष्ट्र बुडणार’ असे त्यावर लिहिले जाते. नकाशा खरा असतो, पण पुढच्या फेरीत तोच पट्टा तेलंगणावर किंवा गुजरातवर सरकलेला दिसू शकतो. म्हणून अनुभवी अंदाजकार वेगवेगळ्या प्रारूपांच्या अनेक फेऱ्या एकत्र पाहतो आणि त्यांत एकवाक्यता नसेल, तर तसे सांगतो. ‘शक्यता’ हा शब्दच नसलेला अंदाज त्यामुळे संशयास्पद मानावा. जुन्या लाल इशाऱ्याचे तारीख कापलेले चित्र दरवर्षी नव्याने फिरते. त्यावर जारी केल्याची तारीख आणि वेळ दिसत नसेल, तर ते पुढे पाठवू नये. तारीख दिसत असली तरी mausam.imd.gov.in वर किंवा ‘मौसम’ ॲपमध्ये तोच इशारा आहे का, हे पाहायला दोन मिनिटे पुरतात. विजांसाठी ‘दामिनी’ ॲप आहे. पिकाचा सल्ला हवा असेल, तर कृषी विद्यापीठांच्या मदतीने दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी कृषी हवामान पत्रिका आणि ‘मेघदूत’ ॲप उपयोगी पडतात.

स्वतंत्रपणे अंदाज सांगणारे सगळेच लबाड नसतात. काही जण अधिकृत माहितीच सोप्या मराठीत मांडतात आणि ते काम मोलाचे आहे. त्यांची पारख करायची तर त्यांनी कोणता भाग, कोणते दिवस आणि किती पाऊस सांगितला हे वहीत लिहावे आणि शेजारी पर्जन्यमापकाचा आकडा मांडावा. स्वतःचे मापक नसेल, तर महसूल मंडळनिहाय पावसाच्या नोंदी maharain.maharashtra.gov.in वर मिळतात. चुकलेला अंदाज जो गुपचूप पुसून टाकतो आणि बरोबर आलेलाच मिरवतो, त्याच्या सांगण्यावर चाड्यावर मूठ धरू नये.