खिशातला इअरबड गाणं का थांबवतो?

लोकलमध्ये मी एकच इअरबड कानात घालते. दुसरा कान स्टेशनच्या घोषणेसाठी मोकळा हवा असतो, म्हणून काढलेला बड कुर्त्याच्या खिशात जायचा. मग दादर सोडलं की गाणं मध्येच थांबायचं, आपसूक सुरू व्हायचं. ब्लूटूथ तुटतंय असंच मला वाटत होतं. पण ब्लूटूथ तुटलं तर आवाज अडखळत येतो; इथे गाणं थांबण्याआधी दर वेळी कानात बारीकसं 'टिक्' वाजायचं. बडने स्पर्श नोंदवला की असा आवाज येतो. म्हणजे खिशातला बड कुणीतरी 'दाबत' होतं.

खरं तर दाबावंही लागत नाही. अनेक इअरबडांत बटण नसतं, बाहेरच्या प्लास्टिकखाली स्पर्श ओळखणारा सेन्सर असतो. बोट जवळ आलं की तिथली विद्युतधारकता बदलते आणि बड ती टिचकी समजतो. पातळ सुती कापडापलीकडची मांडीसुद्धा एवढा बदल घडवू शकते. घामाने कापड ओलं असेल तर जास्तच.

बड कानाबाहेर असताना स्पर्श बंद राहायला नको का? त्यासाठीच बऱ्याच बडांना आतल्या बाजूला छोटी काळी खिडकी असते. तिच्यातून इन्फ्रारेड प्रकाश जातो आणि त्वचेवरून परततो. पण खिशातल्या कापडावरूनही तो परततो, आणि बडला वाटतं आपण कानातच आहोत. शिवाय बड खिशात हलला की तो कधी 'कानात', कधी 'कानाबाहेर' ठरतो. त्यानेही गाणं थांबतं, पण तेव्हा बहुधा 'टिक्' येत नाही. घरी करून पाहा: एक बड कानात ठेवा, दुसऱ्याची काळी खिडकी अंगठ्याने झाका आणि सोडा. गाणं थांबलं तर सेटिंग दोन ठिकाणी बदलावं लागेल.

गॅलक्सी बड्सच्या टिचकीवर चालणाऱ्या काही मॉडेल्सवर Galaxy Wearable अ‍ॅपमध्ये Touch controls उघडलं की प्रत्येक टिचकी वेगळी बंद करता येते. सगळं बंद करू नका. खिशात चुकून लागते ती बहुधा एकच टिचकी, म्हणून Single tap तेवढं बंद करा. गाणं बदलायला दोन टिचक्या राहू द्या. वनप्लस आणि ओपोच्या बऱ्याच बडांसाठी HeyMelody अ‍ॅप आहे. एअरपॉड्स प्रोची दांडी चिमटीत दाबावी लागते, त्यामुळे नुसत्या कापडाने ती फसत नाही. तिथे गाणं थांबत असेल तर आयफोनच्या Settings मध्ये एअरपॉड्सच्या नावाखाली Automatic Ear Detection बंद करून पाहा. मग मात्र बड कानातून काढल्यावर गाणं आपोआप थांबणार नाही.

अनेक स्वस्त बडांना अ‍ॅपच नसतं, टिचकी बदलण्याची सोय नसते. अशा वेळी दुसरा बड डबीत ठेवून झाकण लावा. चार्जिंगच्या पिना टेकल्या की तो झोपतो, आणि कानातला एकटा वाजत राहतो. मी आता डबीच खिशात ठेवते.